पाटीवरची तारीख, पोत्यावरचा आठवडा

“म्हणजे घरच्या पोट्ट्यापेक्षा तुले सिमिटाच्या बोरीवर जास्त भरोसा आहे, असंच ना?” सुजातावहिनींनी लाटणं पोळपाटावर आडवं टाकलं. “त्या दिवशी तो कुठं होता, हे तुले माहीत नाही का? बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनले बसला होता दवाखान्यात. म्हणून फोटो मागून काढला. एवढीच त गोष्ट आहे.”

“एवढीच नाही ना वहिनी,” मंजिरी म्हणाली. ती ओट्याशी लाल भाजी निवडत उभी होती. मान तिनं वर केली नाही.

“मग केवढी आहे? सांग ना. आम्ही अडाणी माणसं.”

“त्याच्या फोटोतल्या पाटीवर आठ नोव्हेंबर लिहिलंय. बाल्कनीचं काँक्रीट त्याच दिवशी ओतलं. पण पाटीमागे जी पोती रचलीत, त्यांच्यावर सत्तेचाळिसावा आठवडा छापलाय. सत्तेचाळिसावा आठवडा म्हणजे अठरा तारखेपासून पुढचा. जी पोती तोवर कारखान्यात भरलीच नव्हती, ती आठ तारखेला साइटवर कशी येतील?”

“बोरीवरचा आठवडा कोण वाचते?”

“मी वाचते. तेच माझं काम आहे.”

बाहेरच्या खोलीत रत्नाकरदादा वर्तमानपत्र उघडून बसले होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं अजून नीट वाचवत नव्हतं, तरी बसले होते. रेल्वेच्या डीआरएम ऑफिसात जन्म काढलेला माणूस. आवाज वाढला की कागद उघडायचा, ही तिथली सवय. गंधार दाराला टेकून मोबाईलकडे बघत होता. त्याच्या नावानं भांडण चाललं होतं आणि तो पाहुण्यासारखा उभा होता.

“मी सांगून ठेवते मंजू,” वहिनी म्हणाल्या. “दोन वर्षं घरी बसून पोट्ट्याले ही नोकरी लागली. तू जर त्याच्या नावाचा शेरा पाठवला, त मग या घरात माह्या हातचं जेवू नको. तुह्या ऑफिसकडं खोल्या भेटतात म्हणे. तिकडंच राहा.”

यावर दादा काही बोलतील म्हणून मंजिरी थोडी थांबली. दादांनी पान उलटलं.

चौबे कॉलनीतलं हे घर तिच्या बाबांनी बांधलं होतं. बाबा अमरावतीहून रेल्वेत लागून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मंजिरीनं पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, तेव्हा वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या. थोडी वर्षं तिनं साइटवर नोकरीही केली. मग बाबांना अर्धांगवायू झाला आणि घरात कोणी तरी राहायला हवं होतं. दादांची नोकरी, वहिनींना लहान मूल, तेव्हा राहिली ती. बाबांनंतर आईचं झालं. आईनंतर ती मोकळी झाली तेव्हा तिला बघायला येणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तिलाही आता नव्यानं कोणासमोर पोह्यांची बशी धरायची हौस नव्हती. तेवढ्यात नवी राजधानी उभी राहू लागली, सगळीकडे इमारतींचे सांगाडे, आणि तपासणीचं काम घेणाऱ्या एका कंपनीला साइटची माहिती असलेलं माणूस हवं होतं. साइटवर जायला नव्हे. फोटो वाचायला.

रोज सकाळी ती पोळ्या करून, आपला डबा भरून बसनं नव्या रायपूरला जायची. मोठमोठे रस्ते, मधोमध फुलझाडं, आणि माणूस नाही. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर तिचा संगणक खिडकीकडे पाठ करून ठेवला होता, काचेवर उजेड पडू नये म्हणून. तिथं दिवसभर तिच्यासमोर साइटवरचे फोटो येत. नियम साधा होता. काँक्रीट ओतायच्या आधी आणि ओतताना, काय वापरलं त्याचे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत काळी पाटी धरायची, पाटीवर इमारतीचा भाग आणि तारीख. कोणत्या साइटवर कोण इंजिनीअर आहे हे तिला कळत नसे. तिला फक्त कामाचा नंबर दिसे आणि पाटी धरणारा हात.

पोतं वाचायला तिनं स्वतःच शिकून घेतलं होतं. कंपनीचं नाव तर कोणीही वाचतं. तिची नजर आधी आयएसआयच्या खुणेवर जाई, खुणेच्या वर मानकाचा आकडा आणि खाली लायसन्सचा नंबर आहे ना, ते बघायला. राख मिसळलेलं सिमेंट असेल तर तसं पोत्यावर छापलेलं असावं लागतं. मग तोंड, की शिवण कारखान्यातली एकसारखी आहे, की कोणी रिकाम्या पोत्यात दुसरंच काही भरून हातानं टाचलं आहे. आणि शेवटी शाईचा तो फिकट शिक्का, आठवडा आणि वर्ष. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नसतं, म्हणून तो शिक्का असतो. शिक्का बहुधा पोत्याच्या कडेला, अर्धा घडीत गेलेला, वर धूळ. ती फोटो मोठा करायची, काळ्यापांढऱ्यातला फरक वाढवायची, मान तिरकी करायची. संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटले तरी आकडे दिसत.

सळ्यांचं आणखी वेगळं. सळईवरची अक्षरं शाईची नसतात, ती लोखंडातच उठलेली असतात. सळ्या लाटणाऱ्या गिरणीच्या शेवटच्या रुळावर ती कोरलेली असतात, म्हणून रुळाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी पुन्हा उमटतात, साधारण मीटरभरानं. नाव, जाडी, ५००, आणि त्यापुढे डी. कामाच्या करारात ५०० डी ठरलेली. नुसती ५०० ही काही वाईट सळई नव्हे. ताकद तेवढीच असते, पण तुटण्याआधी ताणली जाण्याची तयारी डीमध्ये जास्त. भर दुपारी वरून काढलेल्या फोटोत ही अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होत. सकाळच्या तिरप्या उन्हात सावली पडून ती अशी उठून येत, की हात फिरवावासा वाटे.

घरात हे कोणी तिला कधी विचारलं नाही. “मंजू कंप्यूटरवर बसते,” एवढं वहिनी सगळ्यांना सांगत. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं तरी तेवढंच. गंधारही एका साइटवर आहे, कुठलं तरी मुलींचं होस्टेल आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. एका घरात राहून, एका पातेल्यातला चहा पिऊन, एकाच इमारतीच्या दोन टोकांना आपण काम करतो आहोत, हे आत्या-भाच्याला महिनोन्महिने कळलं नव्हतं.

कळलं ते परवा, शुक्रवारी. आठ नोव्हेंबरच्या पाटीमागे सत्तेचाळिसावा आठवडा दिसला तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे खुलासा मागणारी दोन ओळींची टीप टाकली. टाकल्यावर तिचं लक्ष पाटी धरणाऱ्या हाताकडे गेलं. करंगळीशेजारी चांदीची अंगठी, वर मोत्याचा खडा. तो खडा सदर बाजारातून वहिनींनी आणला होता, गंधारला नोकरी लागावी म्हणून. आणि आठ नोव्हेंबर तिला चांगलाच आठवत होता. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते आणि गंधार त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होता. दिवसभर तो दवाखान्यात होता. ऑपरेशन आज आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. “तुले ऑफिस असते ना,” वहिनी म्हणाल्या होत्या, “तुले काहून तकलीफ द्याची.”

तिनं रजा घेतली असती. मागितली असती तर मिळालीही असती.

आज सकाळी तिनं गंधारला त्या फोटोबद्दल विचारलं आणि वहिनींनी ऐकलं, तिथून सुरू झालेलं भांडण तसंच लोंबकळत राहिलं. वहिनी देवघरात गेल्या आणि घंटा जरा जोरात वाजली. गंधारनं मोबाईल खिशात टाकला.

“आत्या, चलो,” तो म्हणाला. “साइट खुद देख लो. फिर जो बोलना है बोलो.”

“आज रविवार आहे.”

“इसीलिए. कोई नहीं रहेगा, सिर्फ धर्मपाल भैया रहेंगे. आप कभी गई हो क्या साइट पे? फोटो में ही देखती हो.”

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता; ती साइटवर नोकरी करायची तेव्हा तो अगदी लहान होता. मंजिरीनं हात धुतले, शाल घेतली. वहिनींना सांगायला ती देवघराच्या दाराशी गेली, पण त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून न सांगताच निघाली.

मोटारसायकलवर तिला बसायची सवय राहिली नव्हती. गंधारनं तेलीबांध्याला थांबून तिच्या शालीचं टोक चाकाकडे लोंबत होतं ते स्वतः खोचून दिलं. लहानपणी तिनं त्याला असंच स्वेटरमध्ये कोंबलेलं होतं. शहर मागे पडल्यावर वारा गार लागू लागला. सहा पदरी रस्त्यावर ते दोघंच होते, आणि पुढे कुठे तरी एक गाय.

होस्टेलची इमारत मोकळ्या माळावर उभी होती. भोवती अजून काही नव्हतं. पहिल्या मजल्यावर दर्शनी बाजूला लांबलचक बाल्कनी भिंतीच्या बाहेर काढलेली, पुढच्या टोकाला खांब नाही, आणि तिच्याखाली बल्ल्यांचे टेकू दाटीवाटीनं उभे. मंजिरी खाली उभी राहून वर बघत राहिली. फोटोत ती केवढीशी दिसे.

“बल्ल्या कधी काढणार?” तिनं विचारलं.

“इस हफ्ते. शुक्रवार को अट्ठाईस दिन हो जाएँगे. ऊपर का काम रुका है ना.”

पत्र्याच्या खोलीतून धर्मपाल बाहेर आला. साइटचा मुकादम, पन्नाशीचा, गळ्यात मफलर. त्यानं मंजिरीला नमस्कार केला आणि गंधारला बाजूला घेऊन विचारलं, पण आवाज काही कमी केला नाही. “मैडम इंस्पेक्सन वाली हे का, साहब?”

“बुआ हैं मेरी.”

“हव, त बइठो न दीदी. चाय बनवाथौं.”

चहा होईपर्यंत मंजिरी गोदामात जाऊन आली. जमिनीपासून वर, फळ्यांवर रचलेली पोती, भिंतीपासून सोडून. रचाई चांगली होती आणि ती तसं गंधारला म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. फोटोत होती तीच ही पोती, अर्धी उरलेली. कडेचा शिक्का तिनं बोटानं पुसून बघितला. सत्तेचाळीस. फोटोत वाचलेलं हातानं पुसून बघायची तिच्यावर ही पहिलीच वेळ.

“आठ तारखेला यातलं काहीच नव्हतं ना?”

“नहीं. वो वाला माल खतम हो गया था. खाली बोरी भी कबाड़ी ले गया.” गंधार जमिनीकडे बघत होता. “सीमेंट अच्छा ही था आत्या. यही कंपनी. बस फोटो छूट गया था, इसलिए मैंने बाद में पाटी लिखके खींच लिया. सब यही करते हैं.”

“त्या दिवशी इथं तुझ्या जागी कोण होतं?”

“धर्मपाल भैया.”

“म्हणजे इंजिनीअर कोणीच नाही.”

त्यानं वरचं एक पोतं सरळ केलं.

मंजिरी गोदामाच्या मागे गेली. प्रत्येक साइटवर अशी एक जागा असते, सळ्या तोडून उरलेल्या तुकड्यांची. लोखंडाचा भंगारवाला अजून आला नव्हता, ढीग चांगला कमरेएवढा होता. बारा आणि सोळा मिलिमीटर जाडीचे तुकडे होते, वर गंजाची पातळ पिवळी पूड. ती उकिडवी बसली आणि एकेक तुकडा उचलून उन्हात तिरपा धरू लागली. ऊन अजून तिरपंच होतं. अक्षरं उठून येत होती. एका गिरणीचं नाव, १२, ५०० डी. पुन्हा तेच. मग एक तुकडा आला त्यावर नाव दुसरं होतं. १२, ५००, आणि त्यापुढे मोकळी जागा, मग आडव्या कडा पुन्हा सुरू.

तिनं पदरानं पूड पुसली. गंजानं अक्षर खाल्लं असेल, असं एका तुकड्यावरून म्हणता येतं. तिनं दुसरा शोधला, तिसरा शोधला. प्रत्येकावर जागा तेवढीच मोकळी. रुळावर जे कोरलेलंच नाही ते लोखंडात कुठून येणार.

गंधार तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं तिच्या हातातला तुकडा घेतला, वाचला आणि परत ढिगात ठेवला. मग पुन्हा उचलला.

“ये तो अपने ऑर्डर में था ही नहीं,” तो म्हणाला.

धर्मपाल चहा घेऊन आला, तेव्हा गंधारनं त्याला तो तुकडा दाखवला. धर्मपालनं लपवलं नाही. लपवावं असं त्याला काही वाटलंही नव्हतं. “बारा का माल कम पड़ गया था साहब, ढलाई के दू दिन पहिली. ठेकेदार साहब फोन करके भनपुरी के कारखाना ले गाड़ी भेजवाए रहिन. दूनों एके जघा उतर गे. बारा त बारा हे.”

“बाल्कनीत कोणती घातली?” मंजिरीनं विचारलं, आणि मग हिंदीत विचारलं.

“जेन हाथ म आइस दीदी.” म्हणजे हाताला आली ती.

सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतायच्या आधीचे फोटो धर्मपालनंच आपल्या मोबाईलवर काढून पाठवले होते. ते मंजिरीनं ऑफिसात पाहिले होते. पाठवता पाठवता त्यांचा जीव गेलेला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की फोटो धुरकट होतो आणि त्याच्या पोटातली तारीखही उडते. त्यावर तिनं “अस्पष्ट” असा शेरा मारून ठेवला होता. तिच्या टेबलावर शेरे तीनच होते. वाचता आलं, अस्पष्ट आणि विसंगत. अस्पष्टचा अर्थ एवढाच, की पुन्हा फोटो पाठवा. जे काँक्रीटखाली गेलं त्याचा फोटो पुन्हा कुठून येणार, हे कोणी विचारत नसे. अस्पष्ट तसंच पडून राही आणि काम पुढे जाई.

“भैया, वो असली फोटो आपके मोबाईल में है क्या?” तिनं विचारलं.

होता. मुलाच्या लग्नाच्या फोटोंच्या मधोमध. आठ नोव्हेंबर, सकाळ, तिरपं ऊन. तिनं पडदा सावलीत धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाल्कनीची वरची जाळी, भिंतीतून बाहेर निघालेल्या सळ्या, जागोजागी बांधणीची तार. बाहेर काढलेल्या बाल्कनीत सगळा ताण वरच्या सळ्यांवर येतो. खालच्या नुसत्या साथीला. तिनं भिंतीकडून एक सळई धरली आणि बोट हळूहळू टोकाकडे नेलं. नाव. १२. ५००. मोकळं. तार आडवी आली. पुढे पुन्हा नाव, १२, ५००, मोकळं. शेजारच्या सळईवर डी होता. तिच्यापुढच्या दोघींवर नव्हता.

तिनं मोबाईल गंधारकडे दिला. त्याला शिकवावं लागलं नाही. तो बराच वेळ बघत होता. वाऱ्यानं गोदामाचा पत्रा वाजत होता.

चहा थंड झाला होता. दोघांनी तो तसाच प्यायला.

परत येताना गंधारनं वाटेत एका टपरीशी गाडी थांबवली. टपरी बंद होती. तिच्या बाकड्यावर ते बसले.

“आत्या, पाँच सौ भी आयएसआय है,” तो म्हणाला. “गिरेगा थोड़ी.”

“पडणार नाही, बहुतेक.”

“तो फिर?”

“बहुतेक कशाला? वरून थोडं फोडलं तर सळ्या दिसतील. एक तुकडा कापून ताणून बघता येईल. काँक्रीटचा गाभा काढून तपासता येईल. आज टेकू आहेत खाली. शुक्रवारनंतर नसतील.”

“और ठेकेदार पूछेगा, ढलाई के दिन इंजीनियर कहाँ था.”

“हो.”

“वो अपने पे नहीं लेगा. मुझपे डालेगा.”

“हो,” ती म्हणाली. तिला काही तरी मऊ बोलायचं होतं, पण जे मऊ होतं ते सगळं खोटं होतं.

गंधारनं अंगठी बोटात गोल फिरवली. “आप मेरे को ढूँढ़ने नहीं बैठी थी, मालूम है मुझे,” तो म्हणाला. “मम्मी को समझा नहीं पाऊँगा, बस.”

दुपारी जेवणं झालेली होती. ओट्यावर एकाच ताटावर झाकण होतं. ते गंधारचं. मंजिरीनं लाल भाजी वाढून घेतली, सकाळचीच एक पोळी गरम केली आणि आपल्या खोलीत बसून खाल्ली. ही खोली पूर्वी बाबांची होती. भिंतीला अजून तो लोखंडी गज होता, जो धरून ते उठायचे. तिनं त्यावर ओढणी वाळत घालायला सुरुवात केली त्यालाही आता खूप वर्षं झाली होती.

दादा दारात आले. आत आले नाहीत. दोघांमध्ये उंबरा असला की त्यांना बोलायला बरं पडे.

“गंधारनं सांगितलं मले,” ते म्हणाले. “तुही वहिनी तोंडाची तिखट आहे, तिचं मनावर घेऊ नको. तिले मी सांभाळतो.”

“बरं.”

“तो म्हणे, तुह्याजवळ एक शेरा असते. अस्पष्ट म्हणून.”

“आहे.”

“मग ते त खरंच अस्पष्ट होतं ना मंजू? तुह्याकडं जो फोटो आला, तो. तू काही खोटं थोडी लिहून राहिली. बाकीचं तू सुट्टीच्या दिवशी पाहिलं. घरचं माणूस म्हणून पाहिलं.”

मंजिरीला भावाचं कौतुक वाटलं. इतका बारीक दरवाजा त्यांनी शोधून काढला होता, आणि खरंच त्यातून जाता आलं असतं. शेरा आधीच पडलेला होता. तिनं काहीच करायची गरज नव्हती. सोमवारी जायचं, दुसरे फोटो उघडायचे. शुक्रवारी बल्ल्या निघतील, उन्हाळ्यात रंग लागेल. पावसाळ्यात मुली येतील. संध्याकाळी सगळ्या मिळून बाल्कनीत उभ्या राहतील, केस विंचरतील, खाली कोणी हाक मारली की एका जागी गर्दी करतील. बहुतेक काही होणार नाही. इथे वहिनी दोन दिवसांनी विचारतील, मंजू, चहा ठेवू का? आणि सगळं पूर्वीसारखं.

पूर्वीसारखं म्हणजे कसं, हे मात्र तिला डोळ्यांपुढे आणता येईना. ऑपरेशनचा दिवस आठवला, तो काळा चष्मा. पूर्वीसारखं तेच होतं.

“दादा,” ती म्हणाली, “त्या दिवशी दवाखान्यात मी बसले असते.”

दादांना संदर्भ लागायला वेळ लागला. लागल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात काढला. “तुले ऑफिस होतं,” ते म्हणाले.

“हो.”

ते गेल्यावर तिनं मोबाईलवर ऑफिसचं काम उघडलं. धर्मपालनं मूळ फोटो ऑफिसच्या पत्त्यावर पाठवले होते. तिनं निघताना त्याला सांगितलं होतं, दबाके नहीं, पूरे साइज में भेजना. त्यानं पाठवले होते, सोबत मुलाच्या लग्नाचाही एक आला होता. तिनं अस्पष्ट खोडून विसंगत केलं. खाली लिहिलं. बाल्कनीच्या वरच्या जाळीत ठरलेल्या नसलेल्या सळ्या दिसतात, खुणेच्या दोन लागोपाठच्या ठिकाणी डी नाही. पोत्यांचा फोटो ओतकामाच्या दिवसाचा नाही. त्या दिवशी साइटवर इंजिनीअर हजर नव्हता. वरचं आवरण फोडून सळ्या पाहाव्यात, तुकडा आणि गाभा तपासावा, तोवर टेकू काढू नयेत. मग आणखी एक ओळ टाकली, की या साइटचा इंजिनीअर माझा भाचा आहे, मी रविवारी स्वतः जाऊन पाहिलं आहे, म्हणून यापुढचे फोटो दुसऱ्या कोणाकडे द्यावेत. वाचून पाहिलं. “हजर नव्हता” पुढे तिनं “वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होता” एवढं घातलं. ते खरं होतं. त्यानं गंधारची नोकरी वाचेल असं तिला वाटलं नाही. मग पाठवून दिलं.

बाहेर दिवेलागण झाली होती. वहिनींनी चहा केला होता. कप तीन होते. त्या, दादा आणि गंधार टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्हीचा आवाज बंद होता. मंजिरी स्वयंपाकघरात गेली, आपला कप काढला, पातेल्यात तळाशी उरलेला चहा गाळून घेतला आणि बाहेर येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनींनी पाय थोडे जवळ ओढून घेतले, कोणी तरी पलीकडे जाणार असल्यासारखे.

“मी शेरा पाठवला,” ती म्हणाली. “बाल्कनी फोडून तपासतील. गंधारचं तिथं काय होईल, मला सांगता येत नाही. मी खोलीबिली बघणार नाही. इथंच राहणार आहे, आणि उद्यापासून माझा स्वयंपाक मी करीन.”